मदत हवी आहे: व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर आणि मुलीचा आवाज

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेतले. १६ वर्षांच्या लेकीच्या फिट्स तीन औषधांनीही थांबत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे छातीत त्वचेखाली बसवून मानेतल्या व्हेगस नसेला विजेचा हलका प्रवाह देणारं यंत्र, सुचवलाय. हीच नस हृदयाचे ठोके मंदावते, त्यामुळे मी घाबरले. त्यांनी समजावलं, ठोक्यांवर उजव्या नसेचा ताबा जास्त, म्हणून तार मानेत डाव्या नसेला गुंडाळतात. साधारण ३० सेकंद प्रवाह, मग ५ मिनिटं विश्रांती. फिट्स कमी व्हायलाही महिने लागतात.

पण प्रवाह चालू असताना आवाज घोगरा होतो, कारण स्वरयंत्राची नस व्हेगसमधूनच फुटते. आणि ती गाणं शिकते हो! छातीवरच्या यंत्रावर चुंबक धरला की प्रवाह तेवढ्यापुरता थांबतो. कुणाच्या मुलांनी असं करून गायलंय का? प्रवाह थोडा कमी केल्यावर आवाज सुधारला का?