आइस मेकर (४०२) आणि पुन्हा टाकी

नाईक वहिनी (४०२): नमस्कार. आमचा आइस मेकर परत बंद. आधी करंगळीएवढे पोकळ तुकडे पडायचे, कालपासून तेही नाहीत. चवथीला घर भरणार आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, अख्खा मेकर बदला.

प्रभू (१०३): टाकी धुतल्यापासून गाळ येतोय. मी तेव्हाच लिहिलं होतं.

सेक्रेटरी: प्रभू सर, तो विषय सभेत संपलाय.

फर्नांडिस (२०१): वहिनी, बर्फ आमच्याकडून न्या, बदल्यात नेवऱ्या द्या 😄

कामत काका (१०१): वहिनी, मेकर बदलू नका. मेकरच्या मागे पाणी सोडणारी नळी आहे, तिच्या तोंडात बर्फ अडकलाय का बघा.

नाईक वहिनी: हो काका, अडकलाय. मागे मुलानं प्लग काढून कोमट पाण्यानं वितळवला होता. दोन दिवस चाललं, परत तेच.

कामत काका: मग दोष पाण्याच्या बाजूला आहे. मागचा इनलेट व्हॉल्व्ह दर वेळी ठरावीक सेकंदच उघडतो. दाब कमी असला की तेवढ्या वेळात साचा भरत नाही, म्हणून तुकडे लहान आणि पोकळ. शिवाय हा व्हॉल्व्ह घट्ट मिटायलाही पाण्याचाच दाब लागतो. तो नसला की थेंब थेंब गळत राहतं आणि नळीत गोठतं.

प्रभू (१०३): म्हणजे गाळच. टाकी.

कामत काका: गाळही असेल. फिल्टर काढून त्याच्या जागी बायपास प्लग लावा. तुकडे मोठे झाले तर फिल्टर चोंदलाय. नाही झाले तर नळ बंद करून व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी धुवा.

देसाई (४०१): काका, आमचाही तसाच आहे. खाली कोणाची तक्रार कशी नाही?

कामत काका: १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. टाकी तुमच्या फ्रिजच्या वर जेमतेम ४ मीटर, म्हणजे अर्धा बारही नाही. बऱ्याच फ्रिजना किमान दीड बारच्या आसपास लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत बघा.

सेक्रेटरी: वरच्या मजल्यासाठी प्रेशर पंप सोसायटी बसवणार नाही, आधीच सांगतो.

देसाई (४०१): लिफ्टचा खर्च तळमजलाही देतोच ना?

फर्नांडिस: आता लिफ्ट 🙏

प्रभू (१०३): टाकी धुताना देखरेख कोणाची होती?

नाईक वहिनी: भांडू नका हो. काका, नवा व्हॉल्व्ह घालू का?

कामत काका: आधी नळी मोकळी करून मेकर बंद ठेवा, फ्रिज चालू राहू दे, आणि तोंडाखाली वाटी. तासाभरात वाटीत थेंब दिसले तर व्हॉल्व्ह गळतोय. पण दाब न वाढवता बदललात तर नवाही तसाच गळेल. आधी छोटा पंप, तरीही गळलं तर व्हॉल्व्ह.

नाईक वहिनी: वाटी ठेवली. पाच थेंब आले.

देसाई (४०१): पंप दोघांत मिळून घेऊया वहिनी. सेक्रेटरी साहेब, गच्चीवर बसवायची परवानगी तरी लेखी द्या.

प्रभू (१०३): आणि टाकीचं?