शब्दचर्चा: तापलेल्या वावरावर चित्र ‘लहरतं’, ‘उकळतं’ की ‘मृगजळतं’?

मंजिरी: नागपूरहून विचारते आहे. उमरेड रस्त्यावरच्या एका नांगरलेल्या शेतात माळटिटवीचं घरटं आहे, त्यावर आम्ही छोटी फिल्म करतोय. कॅमेरावाल्यांसाठी मराठीत एक पानभर सूचना लिहायच्या आहेत. लांबून, मोठ्या लेन्सने शूट केलं की जमिनीवरची हवा हलताना दिसते आणि पक्षी पाण्याखाली असल्यासारखा वाकडातिकडा होतो, त्याला सगळे ‘हीट शिमर’ म्हणतात. मराठीत काय म्हणू? मी ‘मृगजळ’ लिहिलं होतं, पण वाचताना खटकतंय.

विलास: खटकायचं कारण नाही, मृगजळच. उन्हात दूरवर पाणी दिसतं तेच हे. जाता जाता सांगतो, लेन्सला पोलरायझर लावा. एप्रिल-मेमध्ये मी तो काढतच नाही, चित्र एकदम खुलतं.

गजानन: ताई, उन्हाच्या झळा म्हणतात त्याले. आमच्याकडे ‘झया’. आन् मे महिन्यात वावरात बसून शूटिंग करता, तर डोक्याले दुपट्टा बांधा आन् खिशात कांदा ठेवा. लू लागली का सारी फिल्म राहते बाजूले.

मंजिरी: कांदा ठेवते, गजाननभाऊ! पण झळ अंगाला लागते. मला डोळ्यांना, म्हणजे कॅमेऱ्याला दिसते ती गोष्ट हवी आहे.

सुहास: विलासराव, मृगजळ वेगळं. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ असते आणि वरची त्या मानाने दाट. त्यामुळे दुरून येणारा प्रकाश वर वळतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो. वर्धा रोडवर दुपारी पुढे डांबर ओलं दिसतं, ते मृगजळ. त्यासाठी हवेचे थर एकावर एक असले की पुरे, हवा हलायची गरज नाही. मंजिरीताईंना सतावतंय ते हवेच्या हलण्यामुळे. गरम हवेचे गोळे वर चढतात, थंड हवेचे खाली उतरतात आणि प्रत्येक गोळा एका वेड्यावाकड्या भिंगासारखा वागतो. तारे लुकलुकतात तेही याच कारणाने, फक्त तिथे हवेची जाडी किलोमीटरांत असते. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच रस्त्यावर दिसतात म्हणून त्यांची गल्लत होते.

आणि पोलरायझरने खुलतं ते धुरकट चित्र. हवेतल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश तो थोडा कापतो, म्हणून रंग गडद होतात. वाकडी झालेली रेघ त्याने सरळ होत नाही. उलट प्रकाश एक-दीड स्टॉप कमी होतो.

विलास: मान्य, पण माझ्या क्लिप त्या फिल्टरने खरंच चांगल्या येतात हो.

सुहास: येत असतीलच. तुमची तक्रार धुरकटपणाची असेल, मंजिरीताईंची नाही. म्हणून मला वाटतं, एक शब्द शोधण्यापेक्षा तीन क्रियापदं ठरवून घ्या. चित्र ‘हलतंय’ म्हणजे अख्खी फ्रेम एकदम सरकते: ट्रायपॉड किंवा वारा बघा. चित्र ‘मऊ’ आहे म्हणजे फोकस चुकला: पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं एखादं ढेकूळ धारदार दिसेल. चित्र ‘लहरतंय’ म्हणजे एकाच फ्रेममध्ये चोच डावीकडे जाते आणि शेपटी उजवीकडे. ओळखायचं कसं? स्क्रीन दहापट मोठी करा आणि कुंपणाच्या खांबासारखी एखादी सरळ कड बघा. ती सापासारखी वळवळली की लहर आहे. अशा वेळी ऑटोफोकस वेड्यासारखा पुढेमागे फिरतो. तो बंद करून हाताने फोकस लावा आणि क्षणभर कड स्थिर होईल तेव्हा जुळवा.

नेहा: मी रायफल नेमबाजी करते. आमच्याकडे या लहरण्यालाच सर्रास ‘मिराज’ म्हणतात, त्यामुळे ‘मृगजळ’ भाषांतर कुठून आलं असेल ते कळतं. आम्ही त्यावरून वारा वाचतो. वारा आडवा असला की मिराज ‘वाहतो’. वारा नसला, किंवा थेट समोरून वा मागून असला, की तो सरळ वर चढतो, त्याला आमचे कोच ‘बॉइल’ म्हणतात.

गजानन: हे पाहा! माये बाबा म्हणत, “वावर उकयते आहे, आता बैल सोडा.” मले वाटे का ते गरमीले म्हणतात. पण ते हात कपायावर ठेवून दूर धुऱ्याकडे पाहूनच म्हणत.

मंजिरी: गजाननभाऊ, तुम्ही तर शब्दच दिलात. ‘वावर उकळतंय.’ सूचनांत हेच टाकते. आता सुहासदादा, उकळणं कमी कसं करायचं? आमचा प्रकार असा: पक्षी 100 मीटरवर, 600 ची लेन्स आणि 1.4 चा एक्स्टेंडर. कॅमेरामन पोटावर झोपून शूट करतो, लेन्स जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. सकाळी साडेनऊला घेतलेलं सगळं फुकट गेलं.

सुहास: फूटभर उंची हीच मुख्य अडचण आहे. पक्षीवाल्यांना डोळ्याला डोळा भिडणारा कोन आवडतो, मलाही आवडतो. पण त्या कोनात नजर पूर्ण 100 मीटर सगळ्यात खवळलेल्या थरातून जाते, आणि खाली काळी, कोरडी, नांगरलेली जमीन. कडक उन्हात या खळबळीची ताकद उंचीबरोबर झपाट्याने घटते. तिथे धुरा आहे का? ट्रायपॉड धुऱ्यावर लावून लेन्स चार फुटांवर न्या. हिशेबाने लहर अडीच पट कमी व्हायला हवी. पण नजर पलीकडे शेवटी जमिनीलाच टेकते, तेव्हा निम्म्यावर आली तरी समाधान माना.

कॅमेऱ्याची बाजू उचलण्यात फायदा जास्त आहे, त्याचं कारण घरी करून बघा. बटर पेपर वर्तमानपत्राला चिकटवून धरला तर अक्षरं वाचता येतात. तोच डोळ्याजवळ धरला की सगळं गायब. खळबळीचंही तसंच: लेन्सजवळची जास्त नडते, पक्ष्याजवळची कमी. म्हणून लेन्सपुढचे पहिले दहा-वीस मीटर तापलेलं डांबर, पत्रा किंवा गाडीचं बॉनेट नको. हिरवा पट्टा किंवा ओली जमीन मिळाली तर तिथून शूट करा.

मी स्वतः एकदा एसी चालू ठेवून जीपच्या खिडकीतून शूट केलं होतं. गार हवा बाहेर, गरम हवा आत, आणि दोघींची मारामारी बरोबर लेन्सच्या तोंडाशी. लेन्स खराब झाली म्हणून मी दुरुस्तीलाही टाकून आलो होतो, काय सांगू. एसी बंद, काचा उघड्या, आणि लेन्सला बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा तास द्या.

विलास: जवळ जाऊन टाका ना मग, सोपं.

सुहास: तुमचं बरोबर आहे, याहून मोठा उपाय नाही. 100 चं 50 मीटर केलंत तर लहरण्याचा कोन सुमारे 1.4 पट कमी होतो, शिवाय पक्षी दुप्पट मोठा दिसतो. दोन्ही मिळून पक्ष्याच्या मानाने लहर 2.8 पट कमी. याउलट लांब लेन्स लावून काही साधत नाही, पक्षी आणि लहर दोन्ही सारखेच मोठे होतात. पण इथे घरटं आहे. मेच्या उन्हात माळटिटवी उठली तर उघडी अंडी तापतात. ती उठायच्या आधी जिथे थांबलात, ते तुमचं अंतर.

मंजिरी: 100 च्या आत ती अस्वस्थ होते, पाहिलंय. म्हणजे वेळ बदलायची?

सुहास: हो. मेमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्यानंतर जमीन हवेपेक्षा तापेपर्यंतची वेळ सोन्यासारखी, काळ्या मातीवर साधारण तासभर. संध्याकाळी मावळतीच्या आधी जमीन आणि हवा बरोबरीला येतात, तेव्हा पुन्हा शांतता. मधे ढग आला तर धावत कॅमेऱ्याकडे जा, काही मिनिटांत उकळी बसते.

नेहा: शटर वाढवून काही होतं का? फोटोवाले मित्र 1/2000 म्हणतात.

सुहास: फोटोत होतं. वीस-तीस फोटो धडाधड काढा, एखाद्यात चोच नेमकी धारदार सापडते. व्हिडिओत मात्र प्रत्येक फ्रेम धारदार पण वेगळी वाकडी, त्यामुळे उकळणं जास्तच टोचतं. 1/50 ला ते थोडं मिसळून मऊ होतं. स्लो मोशन तर नकोच, सगळं पाण्याखालचं वाटतं.

मंजिरी: साडेनऊच्या क्लिप वाचतील का? स्टॅबिलायझर लावून पाहिला, पार्श्वभूमी जेलीसारखी थुलथुलते.

सुहास: स्टॅबिलायझर अख्खी फ्रेम सरळ करू बघतो आणि इथे तर प्रत्येक तुकडा आपापला हलतोय. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट होता ना? मग प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूच्या 15 फ्रेममधली मधली किंमत घ्या. 25 फ्रेमच्या क्लिपमध्ये ते 0.6 सेकंद होतात.

```
ffmpeg -i titvi.mp4 -vf tmedian=radius=7 shant.mp4
```

ढेकळं, काड्या, धुरा शांत बसतील, जरा मऊ होतील. पण पक्ष्याने मान वळवली तर ती पुसट होईल किंवा गायबच होईल. म्हणून एडिटिंगमध्ये मूळ क्लिप वर ठेवा, पक्ष्याभोवती मऊ कडेचा मास्क काढा आणि खाली ही शांत पार्श्वभूमी. पक्षी लहरतच राहील, पण बघणाऱ्याची नजर पार्श्वभूमीच्या उकळण्यावर अडकते, तो त्रास जातो. टिटवी चालू लागली की ही युक्ती संपली.

विलास: शब्दाचं काय ठरलं मग? ‘उकळणे’ वाचून पुण्या-मुंबईचा माणूस चहा टाकेल.

नेहा: वाहणाऱ्या मिराजला तरी ‘उकळणे’ चालणार नाही. वारा असला की ते ‘लहरणे’च.

गजानन: वारा असला का बाबा बैल सोडत नसत, हे बी खरं.

मंजिरी: सूचनांत दोन्ही ठेवते: वारा नसेल तर ‘उकळतंय’, असेल तर ‘लहरतंय’. नाम अजून मिळालेलं नाही, ‘हवेची थरथर’ लिहून पुढे जातेय. कुणाकडे घरातला एखादा शब्द असेल तर सांगा. उद्या पाच वाजता धुऱ्यावर आहोत.

गजानन: धुऱ्यावर जाताना काठी आपटत जा, ताई. सकायी साप असते तिथं.