मदत हवी आहे: दत्तक मुलीचा जन्मदाखला आमच्या नावाने कसा मिळेल? (नागपूर)

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. आमची लेक आता सोळा महिन्यांची आहे. केअरिंग्ज या दत्तकाच्या सरकारी पोर्टलवरून रेफरल आलं, नागपुरातल्याच एका संस्थेतून तिला घरी आणली आणि दोन महिन्यांपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातून दत्तक आदेश निघाला. आदेशात तिचं नवं नाव, जन्मतारीख आणि आई-बाबा म्हणून आमची दोघांची नावं आहेत. अडलंय ते जन्मदाखल्यावर.

नोंदणी कार्यालयात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, "हा कलेक्टरचा कागद आहे, कोर्टाची डिक्री आणा." दुसऱ्या वेळी खिडकीतल्या बाईंनी माझ्यासमोर स्क्रीनवर आमची नावं टाकून शोधलं. अर्थातच काही निघालं नाही. मग म्हणाल्या, नोंदच नाही, वर्ष उलटलंय, उशिराच्या नोंदीचा आदेश आणा. तिसऱ्यांदा साहेब भेटले. ते म्हणाले, दाखला देऊ, पण शेऱ्यात 'दत्तक' लिहावं लागेल. बायको तिथूनच उठून बाहेर आली.

मुलगी २०२४ ची आहे, म्हणजे शाळेला, पासपोर्टला हाच दाखला लागणार. वकील करावा का?

फुटाळा_चौपाटी
काऊन एवढं टेन्शन घेता भाऊ. दुय्यम निबंधकाकडे जाऊन दत्तकपत्र रजिस्टर करून टाका. माझ्या मोठ्या भावाने मामेभावाची पोरगी घेतली तेव्हा आम्ही हेच केलं होतं. दोन साक्षीदार नेले, स्टॅम्प लावला आणि तेवढ्यावर दाखल्यात नाव बदलून मिळालं. कोर्ट नाही न कलेक्टर नाही.

वर्धेची_माई
माझ्या नातवाच्या दाखल्यात सुनेचं माहेरचं आडनाव पडलंय, ते कुठे बदलतात? हाच फॉर्म चालेल का?

जुना_नोंदणीवाला
माई, तुमचं काम दुरुस्तीचं आहे. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

फुटाळाभाऊ, तुमचं खोटं नाही, पण ते नात्यातल्या दत्तकाचं झालं. हिंदू दत्तक कायद्याखाली देणारे आणि घेणारे समोरासमोर असतात आणि नोंदलेलं दत्तकपत्र हाच पुरावा असतो. इथे मूल संस्थेतून आलंय, देणारं कुणी समोर नाही. यांनी आता दत्तकपत्र केलं तर एकाच मुलीचे दोन वेगवेगळे दत्तक कागदावर दिसतील आणि नवीनच भानगड उभी राहील.

मनीषनगरकर, मी जन्म-मृत्यू नोंदणीत बरीच वर्षं काढली आहेत. डिक्रीचा मुद्दा सोपा आहे. बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून दत्तक आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. आदेशावर अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची सही असली तरी तो तितकाच चालतो. खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात जुनी पद्धत बसलेली असते. भांडू नका. अर्जातच लिहा की आदेश दुरुस्तीनंतरचा आहे आणि २०२२ ची दत्तक विनियमावली सोबत जोडा.

आता मुख्य प्रश्न. बाळ टाकून दिलेलं होतं की आईने बाल कल्याण समितीसमोर सरेंडर केलं होतं? पुढची सगळी वाट यावर ठरते.

मनीषनगरकर
सरेंडर. जन्म नागपूरबाहेरचा, शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यातला, एवढं संस्थेने सांगितलंय.

जुना_नोंदणीवाला
मग तुमच्या मुलीची नोंद बहुधा आधीच झालेली आहे. दवाखान्यात जन्म झाला की दवाखाना एकवीस दिवसांच्या आत कळवतो, आईने पुढे बाळ ठेवलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. ती नोंद जन्मदात्या आईच्या नावाने, जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे पडलेली असणार. तुमच्या नावाने शोधून ती सापडणार कशी? आणि नागपूरच्या वहीत ती असणार तरी कशी?

म्हणून उशिराच्या नोंदीच्या मागे अजिबात लागू नका. नागपुरात नवी नोंद केली आणि उद्या तिकडची जुनी निघाली, तर एका मुलीचे दोन जन्म. मग एक रद्द करा, खुलासे द्या. २०२५ च्या सुरुवातीपासून राज्यात उशिराच्या नोंदींवर चौकशा लागल्यात, त्यामुळे तिथला कारकून आता प्रत्येक कागदाकडे संशयानेच बघतो.

करायचं असं. शोध तुम्ही घेऊ नका, संस्थेला घ्यायला लावा. जन्मदात्या आईचं नाव आणि दवाखाना त्यांच्या फाइलमध्ये आहे, ते तुमच्या हातात येणं योग्यही नाही. दाखल्यासाठी अर्ज करणं हे विनियमावलीनुसार मुळात संस्थेचंच काम आहे, पालकांनाही करता येतो एवढंच. संस्थेने जन्मगावच्या निबंधकाला बंद पाकिटात पत्र द्यायचं, त्यात मूळ नोंदीचा तपशील आणि दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत. निबंधक त्याच नोंदीवर आई-वडिलांच्या जागी तुमची नावं घेऊन नवा दाखला काढतो. जुना तपशील दप्तरात गोपनीय राहतो.

आणि शेऱ्यात 'दत्तक' हा शब्द येता कामा नये. दाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावं, बस. वहिनी उठून आल्या ते बरोबरच केलं.

सक्करदरा_आई
आमचं उलटं आहे. लेकाला रेल्वे स्टेशनवर सोडलेलं होतं, आई कोण ते माहीत नाही. जन्मतारीख डॉक्टरांनी वयाच्या अंदाजाने दिलेली, तीच आदेशात आली. नोंद कुठेच नाही, म्हणून संस्थेच्या पत्त्यावर नागपूरलाच करायची असं ठरलं. आम्ही घरूनच फॉर्म भरला होता. तो परत आला, कारण माहिती देणारा म्हणून संस्थेच्या प्रभारींची सही हवी होती. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय म्हणे. आता वर्षाच्या मुदतीवर अडलंय. एक साहेब म्हणतात विलंबाचा आदेश लागेल, दुसरे म्हणतात दत्तक आदेश आहे ना, मग कशाला. फाइल चार महिने तिथेच पडून आहे.

जुना_नोंदणीवाला
ताई, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्ज आवक करून पोच घ्या आणि नकार असेल तर कारणासह लेखी मागा. मग जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे तो कागद घेऊन जा, ते निबंधकाशी बोलू शकतात. कागद हातात नसेल तर तेही काय करणार.

फुटाळा_चौपाटी
म्हणजे आमच्या भावाचं जमलं ते नशीबच म्हणायचं.

जुना_नोंदणीवाला
नशीब नव्हे, नातं.

मनीषनगरकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. संस्थेने शोध घेतला. नोंद खरंच तिकडे होती, जन्मानंतर नवव्या दिवशी केलेली. त्यामुळे विलंबाचा विषयच संपला. तिथल्या निबंधकांनी डिक्री वगैरे काही मागितली नाही, शेऱ्याचंही नाव काढलं नाही.

पण नवीन घोळ. नोंदीत जन्म १७ तारखेचा, रात्री ११:५० चा. आदेशात १८. संस्थेत बाळ आलं तेव्हाच्या कागदावर कुणीतरी १८ लिहिलं असणार आणि तेच पुढे उतरत गेलं. आम्ही पहिला वाढदिवस १८ ला केला, केकवर तारीखही घातली होती.

जुना_नोंदणीवाला
नवा दाखला आदेशातल्या तारखेने काढायचा असतो, पण निबंधक स्वतःच्या वहीविरुद्ध लिहायला कचरणार. दोन वाटा. निबंधक आदेशाप्रमाणे १८ घ्यायला तयार असतील तर तसं करून घ्या. नाहीतर संस्थेमार्फत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आदेशातली तारीख दुरुस्त करायचा अर्ज द्या, सोबत दवाखान्याच्या नोंदीचा उतारा. माझं मत विचाराल तर दुसरी वाट. वेळ जाईल, पण सगळीकडे एकच तारीख राहील. तोवर आधार काढू नका, नाहीतर तिथेही १८ पडेल.

मनीषनगरकर
बायको म्हणते १८ च राहू दे. सोमवारी संस्थेत जातोय, बघू.