नाट्यगृहातील बिनपाण्याच्या युरिनलची दुर्गंधी: दोष कार्ट्रिजचा की पाइपाच्या उताराचा? मदत हवी आहे

विंगेतला

नमस्कार. आमच्या शहरातील एका नाट्यगृहाच्या देखभाल समितीवर मी काम करतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात डाव्या भिंतीवर सहा युरिनल आहेत आणि उजव्या भिंतीवर पाच. उजवीकडच्या पाचांना टाकीतून आपोआप सुटणारे पाणी आहे. डावीकडची सहा भांडी दोन वर्षांपूर्वी बिनपाण्याची करण्यात आली. त्या वेळी भांडी बदलली, खालचा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मात्र जुनाच ठेवला. प्रत्येक भांड्यात तेलासारखा द्रव भरलेले कार्ट्रिज आहे; मूत्र त्यातून खाली उतरते आणि वरचे तेल पाइपातला वास अडवते.

पहिले सहा महिने काहीही त्रास झाला नाही. त्यानंतर डाव्या भिंतीला अमोनियाचा उग्र वास येऊ लागला, आणि तो प्रयोगाच्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अधिक जाणवतो. आतापर्यंत तीन वेळा सर्व कार्ट्रिज बदलली. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. तिसऱ्या व चौथ्या भांड्यात मध्यंतराच्या गर्दीत मूत्र तुंबून वर येते. ठेकेदाराचे म्हणणे आहे की बिनपाण्याचे तंत्र आपल्याकडे चालतच नाही, म्हणून पुन्हा पाणी जोडावे. समितीच्या बैठकीपूर्वी मला एवढेच ठरवायचे आहे की पाणी परत जोडावे, की अन्य काही तपासावे.

हिरवा कोपरा

पाणी परत जोडू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि इथे दर काही मिनिटांनी टाकीभर पाणी गटारात जाते. वासासाठी दोन्ही भिंतींवर डांबरगोळ्या टाका आणि पंखा लावा. आमच्या कार्यालयात तेवढ्याने काम झाले.

पाणसळ

विंगेतला, आपण दिलेल्या माहितीत दोन खुणा आहेत आणि त्या दोन्ही मला कार्ट्रिजपेक्षा पाइपाकडे नेतात. ताजे मूत्र फारसे वास मारत नाही. त्यातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर व्हायला वेळ लागतो. म्हणून रात्री बरे आणि सकाळी असह्य, याचा अर्थ मूत्र रात्रभर कुठेतरी साचून राहते आहे. दुसरी खूण अशी की तुंबणारी भांडी मधली आहेत, शेवटची नाहीत.

नाट्यगृहाचा वापरही विचित्र असतो. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात सर्व भार एकदम येतो, आणि पुढचा प्रयोग होईपर्यंत पाइपात काहीही वाहत नाही. पूर्वी टाकीचे पाणी साचलेले ढकलत नेत होते, म्हणून पाइपाचा दोष झाकला गेला असावा. बिनपाण्याच्या पद्धतीत ढकलायला कोणीही नसते. सगळे काम उतारानेच करायचे.

कृपया पारदर्शक नळीत पाणी भरून पाइपाच्या वरच्या कडेची पातळी तीन ठिकाणी घ्या: पहिल्या भांड्याखाली, मध्यावर आणि उभ्या पाइपाच्या जोडापाशी. नुसती छोटी लेव्हल पाइपावर ठेवून फसू नका, ती फक्त तेवढ्या वितीचा उतार सांगते.

आणखी एक सोपी चाचणी सांगतो. एका रात्री सर्व युरिनलांची तोंडे प्लास्टिकने चिकटपट्टी लावून बंद करा, आणि जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता. सकाळी वास तसाच असेल, तर तो भांड्यांतून नसून फरशीच्या सांध्यांतून वा अन्य कुठून येतो आहे. डांबरगोळ्यांविषयी एवढेच, की त्यांचे तुकडे कार्ट्रिजच्या भोकांत अडकतात आणि वासावर फक्त दुसरा वास चढतो.

माजघर

आमच्याकडे पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे आणि मधूनमधून त्याचे पाणी खाली उतरून जाते, मग वास येतो. प्लंबर म्हणतो की व्हेंट पाइप नाही. हीच अडचण असेल का? आमच्या पाइपाला उतार किती हवा, हेही कुणी सांगावे.

पाणसळ

माजघर, आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे पाण्याचे सील ओढले जाते आहे, त्यासाठी व्हेंटच पाहावा लागेल. स्वतंत्र धागा काढलात तर सविस्तर लिहीन. इथे कार्ट्रिजमध्ये तेलाचे सील आहे आणि लक्षणेही वेगळी आहेत.

विंगेतला

काल प्लास्टिकची चाचणी केली. सकाळी वास जवळजवळ नव्हता आणि तिसऱ्या भांड्यावरचे प्लास्टिक काढताच तो आला. म्हणजे वास भांड्यांतूनच येतो.

पातळीही घेतली. पाइपाची लांबी ४.२ मीटर आहे. पहिल्या भांड्याखालची पातळी शून्य धरली, तर उभ्या पाइपापाशी तो ३५ मिलिमीटर खाली आहे; मध्यावर मात्र ४४ मिलिमीटर खाली आहे. क्लॅम्प दोन-दोन मीटरवर आहेत. आकडा चुकला असेल म्हणून नळी दोनदा लावली.

पाणसळ

आकडा चुकलेला नाही, पाइपाला पोट सुटलेले आहे. मधला भाग शेवटापेक्षा ९ मिलिमीटर खाली असल्यामुळे तेवढे मूत्र तिथे कायमचे उभे आहे, आणि ते नेमके तिसऱ्या-चौथ्या भांड्यांच्या खाली. साचलेले मूत्र अल्कधर्मी होत जाते आणि त्यातून पांढरट क्षार तळाशी बसतो. तो थर वाढला की मार्ग अरुंद होतो आणि मध्यंतरात तुंबते. आपण नवे कार्ट्रिज बसवता तेव्हा आठ दिवस तेल ताजे असते, एवढाच फरक.

पोट नसते तरी हा उतार अपुराच आहे. ४.२ मीटरला ३५ मिलिमीटर म्हणजे एकास एकशेवीस. मिस्त्री लोकांचा फुटाला पाव इंचाचा हिशेब धरा: १४ फुटांना साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ८८ मिलिमीटर पडायला हवेत. बिनपाण्याच्या भांड्यांसाठी मी याहून कमी घेत नाही. आणि आडव्या पीव्हीसीला आधार मीटरभर अंतराने द्यावा, दोन मीटरने नव्हे.

जुना ओव्हरसिअर

पाणसळ यांच्या पोटाच्या निदानाशी मी सहमत आहे, परंतु उतार वाढवत नेण्याचा आग्रह मला पटत नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत आम्हाला शिकवले गेले की उतार जास्त झाला की पाणी पुढे पळते आणि मळ मागे राहतो. एकास साठ पुरेसा आहे. वर दर आठवड्याला अर्धी बाटली ॲसिड ओतावे, क्षार आपोआप विरघळतो.

पाणसळ

साहेब, ते सूत्र संडासाच्या पाइपासाठी खरे आहे, कारण तिथे घन मळ वाहून न्यायचा असतो. मूत्रात मागे राहण्यासारखे घन काही नसते. पाइपात क्षार धरतो तो थांबल्यामुळे. वेगाने गेल्यामुळे नव्हे.

ॲसिडबाबत मात्र थांबवावे लागेल. ॲसिडने क्षार विरघळतो हे खरे, पण ते कार्ट्रिजवर ओतले तर सील बिघडते. आणि सफाई करणाऱ्याने आधी ब्लीच टाकले असेल, तर त्या बंद खोलीत क्लोरीन वायू सुटेल. सफाई करताना बादली ओतली किंवा फिनेल, साबण वापरला तरी तेल निघून जाते. विंगेतला, आपल्याकडे भांडी कशी धुतात?

विंगेतला

विचारले. रोज सकाळी प्रत्येक भांड्यात एक बादली पाणी आणि वरून फिनेल, उजव्या भिंतीला करतात तसेच. त्यांना कुणी वेगळे सांगितलेच नव्हते, ठेकेदारानेही नाही.

पाणसळ

म्हणजे दोन दोष एकावर एक आहेत. भांड्यावर सौम्य द्रव फवारून ओल्या फडक्याने पुसायचे, बस्स. पाणी ओतायचे ते कार्ट्रिज बदलताना, ते बाहेर काढल्यावर: पाइपात दोन बादल्या जोराने सोडाव्यात, म्हणजे मऊ गाळ निघतो. आताचा घट्ट झालेला थर याने जाणार नाही. तो भाग कापून नवा पाइप घालणे स्वस्त पडेल, आणि त्याच वेळी वरच्या टोकाला साफसफाईचे झाकण बसवून घ्या.

विंगेतला

अडचण अशी की खाली कार्यालयाचे छत आहे आणि उभा पाइप जुना बिडाचा आहे. जोड आणखी ३५ मिलिमीटरच खाली नेता येतो, म्हणजे एकूण ७० मिळतात. हे एकास साठ होते, ओव्हरसिअर साहेबांचाच आकडा. वरच्या टोकाला दोन वॉशबेसिन आहेत आणि त्यांचा स्वतंत्र उभा पाइप तिथेच आहे. अर्धी भांडी त्या बाजूला उतरवली तर?

पाणसळ

कल्पना चांगली आहे. प्रत्येक बाजूला सात फूट राहतील, त्यांना ४४ मिलिमीटर पुरतात आणि आपल्याकडे ७० आहेत. पण तो बेसिनचा पाइप खाली कुठे जातो, ते आधी पाहा. तो गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या बाहेरच्या जाळीच्या कुंडीत, सुटत असेल तर तिथे मूत्र सोडता येत नाही; ते मैल्याच्या पाइपातच गेले पाहिजे, नाही तर वास स्वच्छतागृहातून उठून अंगणात येईल.

विंगेतला

पाहून आलो. तो तिकीट खिडकीमागच्या गल्ली ट्रॅपमध्येच जातो.

जुना ओव्हरसिअर

मग उलट करा. बेसिनचेच पाणी युरिनलच्या पाइपाच्या वरच्या टोकाला घ्या. मध्यंतरात लोक हात धुतात, ते पाणी आपोआप सगळी लाइन धुऊन नेईल आणि एकास साठवर निभावेल. बेसिनचा स्वतःचा ट्रॅप तेवढा ठेवा. ॲसिडचे माझे म्हणणे मागे घेतो.

पाणसळ

साहेबांचा हा उपाय मलाही आवडला, फक्त एक शंका राहते. बोअरवेलचे पाणी असेल तर त्यातील कॅल्शियम मूत्राशी मिळून कठीण खडा धरते. भरपूर पाण्याने तो वाहून जातो, थोड्या पाण्याने मात्र वाढतो. आपल्या उजव्या भिंतीचे बाटली ट्रॅप उघडून पाहा. वाटीत दगडासारखा थर असेल, तर डाव्या पाइपाचेही तेच होईल आणि सहा महिन्यांनी झाकण उघडून पाहणी करावीच लागेल.

विंगेतला

उजवीकडचे दोन बाटली ट्रॅप आज उघडले. एकाच्या वाटीत बोटभर पांढरा खडा होता, दुसरा बहुतेक स्वच्छ निघाला. तो टाकीच्या सर्वांत जवळच्या भांड्याचा आहे. पाणी बोअरवेलचेच आहे. बैठकीत मी नवा पाइप, मीटरवर क्लॅम्प, ७० मिलिमीटरचा उतार आणि सफाईची नवी पद्धत एवढे मांडणार आहे. बेसिनचे पाणी जोडावे की नाही, यावर मात्र माझे मत अजून होत नाही. बोअरवेलच्या पाण्यावर कुणी असे जोडून वर्षभर चालवले असेल, तर कृपया पाइप उघडल्यावर काय दिसले ते लिहावे.

माजघर

मी वेगळा धागा काढला आहे. पाणसळ, कृपया तिथे यावे.