प्रीमियमची रक्कम आणि लाभांश

«ताळेबंदात प्रीमियम राखीव निधीतच दिसतो, मग त्यातून लाभांश का वाटता येत नाही?»

सातपूरमधल्या एखाद्या छोट्या खासगी कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर प्रत्येकी ६० रुपयांना दिले, असे धरू. बँकेत १२ लाख रुपये येतात. त्यांपैकी २ लाख भागभांडवलात जातात आणि दर्शनी किमतीच्या वर मिळालेले उरलेले १० लाख ‘राखीव निधी व शिल्लक’ या शीर्षाखाली प्रीमियम म्हणून दिसतात. साठलेला नफाही याच शीर्षाखाली येत असल्यामुळे ही रक्कम कमावलेल्या नफ्यासारखी वाटते (माझ्या मते या मांडणीनेच निम्मा गोंधळ होतो), पण ती भागधारकांनीच आणलेली आहे. म्हणूनच कंपनी कायदा, २०१३ चे कलम ५२ ती भरणा झालेल्या भांडवलासारखीच मानते आणि बोनस शेअर देणे, शेअर विक्रीचा खर्च निर्लेखित करणे अशा मोजक्याच कामांसाठी वापरू देते. एकास एक बोनस दिला, तर २ लाख प्रीमियममधून भांडवलात सरकतात, एकूण मात्र १२ लाखच राहतात. लाभांशासाठी त्याच शीर्षाखालची नफा-तोट्याची शिल्लक पाहावी. ती उणे असेल, तर शीर्षाची बेरीज फुगलेली दिसूनही वाटण्याजोगे काही नसू शकते.