मदत हवी आहे: रेल्वे पावती बँकेकडे तारण, मग वाटेतला माल थांबवून काय मिळेल?

मालविक्री कायदा, 1930 मधला प्रश्न सोडवताना अडलोय. विक्रेत्याने 6 लाखांचा माल रेल्वेने पाठवला, एक पैसाही मिळालेला नाही. रेल्वे पावती खरेदीदाराच्या नावे करून दिली; त्याने ती बँकेकडे तारण ठेवून 4 लाख उचलले आणि नंतर तो दिवाळखोर झाला. माल अजून रेल्वेच्याच ताब्यात आहे, विक्रेत्याची थांबवण्याची नोटीस वेळेत पोहोचली आहे.

ताबा सुटल्यामुळे लिएन संपला, हे कळतं. बँकेचा व्यवहार प्रामाणिक, म्हणून कलम 53 लागतं: पावती पुढे विकली असती तर थांबवण्याचा हक्कच गेला असता, तारणात तो बँकेच्या 4 लाखांच्या मागे उभा राहतो. इथवर शंका नाही.

पोटकलम (2) नुसार विक्रेता बँकेला म्हणू शकतो, की आधी तुमच्याकडच्या खरेदीदाराच्या इतर मालातून वा रोख्यांतून शक्य तेवढी वसुली करा. बँकेकडे त्याचं 3 लाखांचं सोनंही आहे, पण ते 1 लाखाच्या वेगळ्या कर्जासाठी. दोन्ही कर्जांना जोडणारा करार नाही. मग उरलेले 2 लाख या पोटकलमातल्या ‘उपलब्ध’ तारणात धरायचे का?