प्रश्न नसलेल्या फोटोला उत्तर काय द्यायचं?

बांबोळी:
आमच्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर एकाने जुना चवथीचा फोटो पाठवला. गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या माटोळीखाली वीसेक माणसं उभी, आणि सोबत एक अक्षर नाही. आपण काय समजायचं? नावं लिहा, नाहीतर पाठवू नका. सारखे हात जोडून जोडून कंटाळा आला.

कुळागरवाली:
हे वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहिते. असा फोटो माणूस उगाच पाठवत नाही. कोणी वारलेलं असतं, घर विकायला काढलेलं असतं, किंवा कपाट आवरताना हातात काहीतरी आलेलं असतं. त्याला विचारायचं काही नसतं, पण कोणी पाहावं असं वाटत असतं. तिथे "डावीकडून तिसरी कोण?" म्हणणं म्हणजे हजेरी घेणं झालं.

माझ्या माहेरच्या अशाच एका फोटोला आलेलं एक उत्तर सांगते. "माटोळीला तोरिंगं केवढी मोठी! सुपारीचा अख्खा घड बांधलाय, म्हणजे स्वतःच्या कुळागरातला असणार. कांगलांचे झुपके कोण आणायचं रानातून?" एवढंच. आमचा काका एरवी दोन शब्दांवर जात नाही. त्याने त्यावर लांबलचक लिहिलं: चवथीच्या आदल्या दिवशी पावसात डोंगरावर कसं जायचे, केवणीची साल सोलून तिचा दोर कसा वळायचे, माटोळीची चौकट छताला बांधताना कोण खालून ओरडायचं. शेवटी फोटोतली माणसं कोण, तेही त्यानेच सांगितलं, त्याला सांगावीशी वाटली तेवढी.

आधी वस्तू पाहायची, दिसतं ते एक-दोन वाक्यांत लिहायचं, आणि प्रश्न विचारलाच तर कामाबद्दल विचारायचा. उत्तर आलं नाही तरी चालेल असा तो असावा.

भायलो:
छान आहे, पण अर्धवट. "पांढरी टोपी घातलेले, बँकेत होते ते" असं लिहिलं की नाव न घेताच नाव घेतलं. आमच्या गावात टोपी आणि बँक एवढं पुरे. "खुर्चीवरच्या तुमच्या सासूबाई का?" हेही तसंच. आमच्याकडे एकीने हे विचारलं आणि खुर्चीवर निघाली थोरली जाऊ. त्यानंतर ती जाऊ कोणत्याच फोटोवर बोलत नाही.

कुळागरवाली:
बरोबर. नातं, हुद्दा आणि बसायची जागा या तिन्हींनी माणूस ओळखू येतो. म्हणून मी वस्तूंवर थांबते. लहान मुलांच्या बाबतीत तर शाळेचा गणवेशही बोलायचा नाही.

बांबोळी:
म्हणजे फळांवर गप्पा मारायच्या आणि माणसं विसरायची. दहा वर्षांनी या फोटोत कोण होतं हे सांगायला कोणी उरणार नाही. माझ्या आईकडच्या पेटीत असे फोटो आहेत, एकही चेहरा आम्हाला ओळखू येत नाही. त्याचं दुःख तुम्हाला कळणार नाही.

रेइशमागूश:
तुमचं दुःख खरं आहे, पण नावं नोंदवायची जागा वेगळी. मी जुने फोटो जपण्याचं काम करतो. जुना कागदी काळा-पांढरा फोटो असेल तर मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेनने लिहिलं की उठाव समोर चेहऱ्यावर येतो आणि शाई त्याला टेकलेल्या दुसऱ्या फोटोला लागते. रंगीत फोटोचा मागचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल टिकत नाही. तिथे ट्रेसिंग पेपर ठेवून माणसांच्या आकृत्या हलक्या हाताने काढा, आकडे घाला आणि यादी वेगळ्या कागदावर करा. ही यादी घरात राहू दे. ती करणं घरच्यांचं काम, उत्तर देणाऱ्याचं नव्हे.

केपें:
मी आमचा फोटो पाठवला तेव्हा एकाने लगेच सांगितलं, "लालसर दिसतोय म्हणजे सत्तरीच्या दशकातला." तारीखही कळते. मग लोकांनी हेच का बोलू नये?

रेइशमागूश:
बोलावं, पण निम्मंच खरं आहे. त्या काळातल्या रंगीत छापांचा निळसर रंग अंधारात ठेवूनही उडतो, म्हणून उरलेला फोटो लाल दिसतो. पण पिवळ्या दिव्याखाली मोबाईलने फोटो काढला तरी तसाच भास होतो. फोटोची पांढरी किनार आणि खालचं टेबल पाहा. तेही पिवळट असेल तर दोष दिव्याचा. किनार पांढरी राहून केसांची सावली लाल झाली असेल तर छाप विटलाय. आणि जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रतही असू शकते. म्हणून "रंग विटलाय, जुना छाप असावा" एवढंच म्हणा.

केपें:
आमच्या घराच्या वाटणीत हाच फोटो दाखवायचा आहे. आजोबांच्या शेजारी बसलेले ते वारस, हे स्पष्ट दिसतं. कोर्टात चालेल ना?

भायलो:
इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या कामात, जन्म-लग्नाची नोंद मागतील. शेजारी कोण बसलं ते कोणी विचारणार नाही. वकिलाला भेटा.

सत्तरीचा:
माटोळीचं निघालंच आहे तर सांगतो. आता लोक नायलॉनच्या दोरीने आणि प्लास्टिकच्या फळांनी माटोळी बांधतात. केवण जंगलात आहे, सोलायला कोणाला वेळ नाही. बाजारात तयार माटोळीचं सामान घ्यायचं आणि फोटो काढायचा!

भायलो:
सगळ्यांना जंगल जवळ आहे का? वास्कोत फ्लॅटमध्ये राहणारा केवण कुठून आणणार? बाजारातून आणतात ते विकणारेही आमच्यासारखेच रानात जातात.

सत्तरीचा:
विकणाऱ्यांबद्दल बोललो नाही. तुम्ही फळं प्लास्टिकची का बांधता, एवढं सांगा. गणपतीच्या डोक्यावर प्लास्टिक!

भायलो:
आम्ही बांधत नाही. आमच्या घरी येऊन पाहा आणि मग बोला.

कुळागरवाली:
दोघांनी थांबा. मुद्दा फोटोचा होता. मी अजून एक गोष्ट सांगितली नव्हती. आमच्या त्या फोटोत उजव्या कडेला आत्येच्या खांद्यावर एक हात आहे. मनगटात पाटली दिसते, पुढचं सगळं कात्रीने कापलेलं. एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "हा हात कोणाचा?" त्या एका प्रश्नावरून घरात दोन चवथी एकत्र झाल्या नाहीत. फोटोत काय नाही, ते विचारू नये. कापलेली कड, खुर्चीची रिकामी जागा, दरवर्षीचा फोटो आणि मध्येच एका वर्षाचा नसणं, हे सगळं तुम्हाला दिसेलच. दिसू दे.

बांबोळी:
हात कोणाचा हे विचारू नये, मान्य. पण गप्प बसलेल्या माणसाला कळावं कसं की आपण त्याचा फोटो पाहिला? तोरिंगांवर लिहायचं, तर आमच्या फोटोत तोरिंगं नाहीत. माटोळीच पूर्ण दिसत नाही, वरून अर्धी कापली गेलीय.

रेइशमागूश:
मग जमिनीकडे पाहा. मुलं कशावर बसली आहेत, चटई की शेणाने सारवलेली जमीन? खिडकीला शिंपल्यांची तावदानं आहेत का? भिंतीशी आरतीत वाजवायचं घुमट टेकवलेलं दिसतंय का? एवढ्यातून एक वाक्य निघेलच.

बांबोळी:
तावदानं आहेत, आणि दोन फुटलेलीही आहेत. बघतो लिहून. पण नावांचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

सत्तरीचा:
घुमटावर घोरपडीचं कातडं होतं तेव्हाचा फोटो असेल. ते आता बंद आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं.